गणपतीपर्यंत बंद घरात टीव्ही कोरडा कसा ठेवावा?

प्रश्न : आम्ही ठाण्याला राहतो. सासर गुहागर तालुक्यात, घरापासून समुद्र चालत दहा मिनिटांवर. मे महिन्यात सगळे तिकडे जातो, जूनच्या तोंडावर घर बंद करतो ते गणपतीलाच उघडतो. तिथे एलईडी टीव्ही घेतला, तर पहिल्याच गणपतीत तो सुरूच होईना. आत पाल मरून पडलेली निघाली. दुरुस्त करून घेतला. पुढच्या वर्षी चादरीत आणि वरून प्लास्टिकमध्ये गुंडाळून, आत सिलिका जेलच्या आठ-दहा पुड्या टाकून ठेवला, तर उघडल्यावर पडद्यावर उभ्या रेघा. मेकॅनिक म्हणाले, पॅनल गेलं. आता नवा ४३ इंची घेतलाय. शेजारच्या काकी म्हणतात, प्लग लावूनच ठेवा, म्हणजे गरम राहतो. काय करू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, प्लास्टिकमध्ये ठेवायचा तुमचा विचार बरोबर होता. घात केला तो चादरीने. सुती कापड दिसायला कोरडं असलं तरी हवेतली ओल धरून बसतं. कोकणातल्या मे महिन्याच्या दमट हवेत पाऊण किलोच्या सुती चादरीत सहज ५० ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. सिलिका जेल आपल्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा पाणी ओढून घेतं. बाजारातल्या छोट्या पुडीत ५ ग्रॅम जेल धरलं, तर तुमच्या दहा पुड्या मिळून जेमतेम १२-१३ ग्रॅम पाणी घेऊ शकत होत्या. म्हणजे त्या चादरीतली ओलसुद्धा संपवू शकल्या नाहीत, आणि उरलेली ओल तुम्ही टीव्हीबरोबर तीन महिने कोंडून ठेवलीत.

उघड्या खोलीत टीव्हीच्या मागे पुड्या चिकटवणारेही पुष्कळ आहेत, त्याचाही उपयोग होत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत साधारण ३० घनमीटर हवा मावते. पावसाळ्यात २८ अंश तापमानाला आणि ९० टक्के आर्द्रतेला तेवढ्या हवेत पाऊण लिटरच्या घरात पाणी वाफेच्या रूपात असतं, आणि दाराच्या फटींतून, कौलांमधून नवी दमट हवा सारखी येतच राहते. तिथे कितीही पुड्या ठेवा, पुरणार नाहीत. याउलट ४३ इंची टीव्ही जेमतेम मावेल एवढ्या प्लास्टिकच्या पिशवीतल्या हवेत दोन-तीन ग्रॅमच पाणी असतं. म्हणून खोली कोरडी करायच्या मागे लागू नका. टीव्हीभोवतीची तेवढीच हवा कोरडी करा आणि ती कोरडी राहील अशी बंद करा.

त्याआधी त्या उभ्या रेघा कुठून आल्या ते समजून घ्या, कारण त्यावरूनच कळतं की कुठे जपायचं. पडद्याच्या काचेच्या कडेला, बहुतेक सेटमध्ये खालच्या पट्टीच्या आत, केसाहून बारीक तारांच्या लवचिक पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्यांच्यावरच छोट्या चिप असतात, आणि पडद्यावरच्या उभ्या ओळींना चित्र त्यांच्यातून जातं. या तारांवर ओल बसली की त्या गंजतात. एक तार गेली की एक रेघ, पट्टीच गेली की पडद्याचा अख्खा उभा पट्टा काळा किंवा पांढरा. ही जोडणी कारखान्यातल्या यंत्रावर होते. काही मोठ्या शहरांत पट्टी बदलून देणारे आहेत, पण गावाकडे पॅनल गेलं म्हणजे टीव्ही गेला असंच धरावं लागतं.

तुमच्याकडे यात समुद्राची भर आहे. खाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण येतात आणि धुळीत मिसळून टीव्हीच्या मागच्या झरोक्यांमधून आत, बोर्डांवर बसतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं, पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते तसं. गुहागरसारख्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. त्यामुळे बोर्डावर पाण्याचा थेंब पडलेला नसतानाही दोन तारांच्या मध्ये खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो. तो तांबं खातो, आणि सेट चालू केला की त्यातून वीज पाझरते. म्हणून पॅक करण्याआधी धूळ काढणं किनाऱ्याच्या घरात जास्त महत्त्वाचं. मीठ तसंच ठेवून पिशवी बंद केलीत आणि पिशवी कुठे फुटली, तर गंज चढायला तयारच असतो.

आता क्रमाने सांगते. निघायच्या आदल्या दिवशी, ऊन असेल तेव्हा, दुपारी १२ ते ४ च्या दरम्यान हे काम काढा. सकाळी आणि रात्री हवा जास्त ओली असते. वळवाचा पाऊस येऊन गेला असेल तर एक दिवस थांबा. आधी टीव्ही तासभर चालू ठेवा, म्हणजे आतली ओल त्याच्याच उष्णतेने बाहेर पडेल. मग बंद करा, प्लग काढा आणि हाताला गरम लागणार नाही इतका निवू द्या.

निवला की धूळ. रंगकामाचा एक इंची मऊ, कोरडा, कोरा ब्रश घ्या आणि मागच्या झरोक्यांवरची धूळ वरून खाली झाडत, जवळ व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड धरून ओढून घ्या. पंपाने किंवा ब्लोअरने आत जोरात हवा मारू नका, त्याने बाहेरची खारी धूळ आत बोर्डावर जाते. मागचं झाकण स्वतः उघडू नका, कोणी कितीही सोपं आहे म्हणालं तरी. प्लग काढल्यावरसुद्धा पॉवर बोर्डवरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर भार काही काळ राहू शकतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. बाहेरचं प्लास्टिक आणि खालची पट्टी पुसायला इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी वापरा. फडक्याला नुसता ओलावा लागेल इतपतच घ्या, पुसून लगेच कोरड्या फडक्याने टिपा. पडद्यावर काहीही फवारू नका. फवारलेलं पाणी ओघळून बरोबर खालच्या पट्टीत उतरतं, म्हणजे जिथे त्या नाजूक तारा आहेत तिथेच. आमच्या दुकानात उभ्या रेघांचे जे सेट येतात त्यांतले कितीतरी पावसाने नव्हे, काच पुसायच्या फवाऱ्याने गेलेले असतात.

आता पिशवी. पॅकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात पारदर्शक पॉलिथीनची नळी रोलवर मिळते. साधारण २०० मायक्रॉन जाडीची, ३६ इंच रुंदीची, पाच फूट लांब घ्या. ४३ इंची टीव्ही पाय काढून तिच्यात लांबीच्या बाजूने आरामात जातो आणि दोन्ही टोकांना दुमडायला वाव राहतो. पातळ पिशवी नको. प्लास्टिकमधूनसुद्धा वाफ हळूहळू आत झिरपते, जाडी वाढली की ती झिरप तेवढी कमी होते. तीन महिन्यांचा हिशेब आहे, म्हणून हा फरक मोठा ठरतो. त्याच कारणाने सिलिका जेल पुड्यांमध्ये न घेता सुटं, एक किलो घ्या. पहिल्या दिवशीच्या हवेसाठी १०० ग्रॅमसुद्धा पुष्कळ झालं असतं, बाकीचं रोज झिरपणाऱ्या वाफेसाठी.

जेल रंग बदलणारं मागा. निळं ओलं झालं की गुलाबी होतं, नारिंगी ओलं झालं की हिरवट. घरात मुलं असतील तर नारिंगी बरं, कारण निळ्यात कोबाल्टचं क्षार असतं, ते पोटात जाणं चांगलं नाही. पातळ मलमलच्या चार पोटल्या करा, म्हणजे दाणे सांडणार नाहीत आणि रंगही दिसेल. पोटल्या टीव्हीच्या खालच्या कडेला आणि मागे ठेवा, पडद्याला टेकू देऊ नका. पडद्यावर चादर नको, टॉवेल नको, वर्तमानपत्रही नको. टीव्हीबरोबर आलेला पांढरा फोमचा पातळ कागद असेल तोच लावा, तो ओल धरत नाही. शक्य असेल तर तीनेकशे रुपयांचा छोटा डिजिटल आर्द्रतामापक पिशवीत असा ठेवा की आकडा बाहेरून वाचता येईल. मग पिशवी हाताने दाबून जास्तीची हवा काढा, तोंड तीनदा दुमडा आणि पॅकिंगच्या रुंद टेपने दोन थर मारा. टेप लावायच्या जागी प्लास्टिक कोरडं पुसून घ्या, नाहीतर जुलैत ती आपोआप सुटते.

कंपनीचा पुठ्ठ्याचा खोका जपून ठेवला असेल तर पिशवीबंद टीव्ही त्यात घाला. पुठ्ठा आणि थर्माकोल पिशवीच्या बाहेर, हा क्रम उलटू नका. पुठ्ठा चादरीसारखाच ओल धरतो. खोक्याला बाजूला एक चौकोनी खिडकी कापा, म्हणजे आकडा आणि जेलचा रंग दिसेल. टीव्ही उभाच ठेवा, आडवा कधीही नको, पॅनलवर ताण येतो. जागा माजघरातली, आतल्या भिंतीजवळची, पण भिंतीपासून वीतभर सुटी. पश्चिमेकडच्या चिऱ्याच्या भिंतीवर पावसाची झड बसते, ती पावसाळाभर ओली असते, तिला काही टेकवू नका. खोका लाकडी खाटेवर किंवा टेबलावर ठेवा. जमिनीवर ओल्या पुठ्ठ्याला वाळवी लागते आणि उंदरांना प्लास्टिक कुरतडायला सोपं जातं. बंद घरात उंदरांचा त्रास असेल तर खाटेखाली पिंजरा लावून, शेजाऱ्यांना अधूनमधून बघायला सांगून जा.

पिशवीत दोन गोष्टी चुकूनही घालू नका. एक, डांबराच्या गोळ्या. त्यांची वाफ कोंडली की टीव्हीचं काही प्रकारचं प्लास्टिक मऊ पडून खराब होऊ शकतं. दुसरी, कपाटात टांगायच्या ओल शोषणाऱ्या पिशव्या, ज्यांच्या खालच्या भागात पाणी साठतं. त्यांत कॅल्शियम क्लोराइड असतं आणि साठलेलं ते पाणी म्हणजे गंज आणणारं मिठवणी. फुटलं तर सगळंच गेलं. कपाटात ठीक, टीव्हीजवळ नाही.

आता काकींचं म्हणणं. त्यांचा अनुभव खोटा नाही. ज्या घरात माणसं राहतात आणि रोज संध्याकाळी तास-दोन तास टीव्ही चालतो, तो सेट पावसाळ्यात तुमच्यापेक्षा बरा राहतो, कारण रोज तापून कोरडा होतो. पण नुसता प्लग लावलेला, स्टँडबायवरचा टीव्ही अर्ध्या-एक वॉटपर्यंतच वीज घेतो. तेवढ्या उष्णतेने ओल जात नाही, मात्र पॉवर बोर्डचा कोपरा थोडा उबदार राहतो. मुंग्यांना आणि पालीला तेवढी ऊब आणि तो आडोसा पुरतो. पहिल्या वर्षी तुमची पाल बहुधा अशीच आत गेली असणार. ओल्या अंगाची पाल पॉवर बोर्डच्या मुख्य बाजूला दोन टोकांना टेकली की शॉर्ट होतो, फ्यूज आणि त्याच्याबरोबर एखाददुसरा भाग जातो. ही दुरुस्ती पॅनलच्या मानाने स्वस्त असते म्हणून तो टीव्ही तेव्हा वाचला. नव्या टीव्हीची वॉरंटी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पाल, झुरळं, मुंग्या किंवा पाणी आत जाऊन झालेलं नुकसान बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीच्या अटींमध्ये बसत नाही. शिवाय प्लग लावलेल्या सेटवर विजेची टांगती तलवार असतेच. कोणी विश्वासाचं माणूस दर दोन-तीन दिवसांनी घर उघडून टीव्ही तासभर लावून, पुन्हा प्लग काढून ठेवणार असेल तरच काकींचा मार्ग धरा. आठवड्यातून एकदा लावण्याने मधल्या सहा दिवसांची ओल भरून निघत नाही.

पिशवीबंद सेटला किड्यांची भीती उरत नाही, पण मे महिन्यात टीव्ही भिंतीवर चालू असताना ती असतेच. डिशच्या वायरसाठी भिंतीला पाडलेलं भोक ही त्यांची मुख्य वाट. ते पुट्टीने बुजवा आणि वायर भोकात शिरण्याआधी बाहेर तिला खाली लोंबता झोल द्या, म्हणजे पाणी वायरीवरून आत न येता झोलाच्या तळाशी गळेल. मुंग्यांचा खडू भिंतीवर, ब्रॅकेटच्या भोवती ओढा, टीव्हीवर नाही. कीटकनाशकाचा फवारा टीव्हीवर किंवा झरोक्यांत कधीच मारू नका. त्यातलं द्रावण आणि वायू पेट घेणारे असतात आणि फवाऱ्याचा तेलकट थर बोर्डावर धूळ धरून ठेवतो. झरोक्यांना मच्छरदाणीचं कापड चिकटवायची युक्ती काही जण करतात, पण चालू टीव्हीवर ते नको. महिन्याभरात कापड धुळीने भरतं आणि आतली उष्णता कोंडते. एचडीएमआय आणि यूएसबीच्या न वापरलेल्या खाचांना रबरी टोप्या लावा. त्या थोड्या पैशांत मिळतात आणि कुंभारीण माशी त्या खाचांमध्ये मातीचं घर करायचं थांबते. तिची माती ओल धरते आणि खाचेतल्या पिना गंजवते.

जुलैच्या मध्यावर घराची किल्ली असलेल्या शेजाऱ्यांना फोन करून खोक्याच्या खिडकीतला आकडा वाचायला सांगा. ५० च्या आत असेल तर हात लावायचं कारण नाही. ६० च्या पुढे गेला असेल किंवा जेल पूर्ण रंग बदललं असेल, तर पिशवी कुठेतरी सुटली आहे. त्यांनी ती उघडून बसू नये. बाहेरून टेपचा आणखी एक थर द्यावा आणि भोक दिसलं तर तेवढ्यावर टेप लावावी. जेल भिजलं असलं तरी बंद पिशवीतली हवा खोलीतल्या हवेपेक्षा कोरडीच असते. तुमच्यापैकी कोणी मध्ये एक दिवस जाणार असेल तर ठाण्याहून कोरडं जेल हवाबंद डब्यात घेऊन जा आणि पोटल्या बदला.

गणपतीला घर उघडलं की सगळ्यांना टीव्ही हवा असतो, पण पहिल्या दिवशी लावू नका. आकडा ५० च्या आत असेल तर पिशवी काढून, खोलीत पंखा लावून चार-पाच तास ठेवा. आकडा वर गेलेला असेल तर पूर्ण एक दिवस आणि रात्र पंख्याच्या वाऱ्यात ठेवा, पंखा टीव्हीच्या मागच्या बाजूला वळवून. केस वाळवायचं यंत्र किंवा हीटर लावू नका. पडद्याच्या आतले प्रकाश पसरवणारे पातळ पडदे उष्णतेने वाकतात आणि मग चित्रावर कायमचे ढग दिसतात. लावण्याआधी बॅटरीच्या उजेडात झरोक्यांतून आत पाहा. पालीची अंडी, मातीचा गोळा, पांढरट बुरशी दिसली किंवा पडद्याच्या आत धुकं दिसलं तर प्लग न लावता मेकॅनिकला बोलवा. काही दिसलं नाही तर लावा, पण पहिली दहा मिनिटं जवळ थांबा. आतून चर्र असा बारीक आवाज आला, जळका वास आला किंवा चित्र लुकलुकलं तर रिमोटने बंद न करता भिंतीवरचं बटण बंद करून प्लग काढा. पाच मिनिटांनी पुन्हा लावून बघायचा मोह आवरा. ओला बोर्ड बऱ्याचदा पहिल्यांदा वाचतो आणि त्या दुसऱ्या वेळी जळतो. एखादी फिकट रेघ दिसली आणि अर्ध्या तासात गेली, तर आत थोडी ओल होती आणि ती सुकली असं समजा. पुढच्या वर्षी जेल वाढवा.

मे महिन्यात घर सोडताना रिमोटमधले सेल काढा. ते ओघळले की रिमोटच्या स्प्रिंगा खातात. सेट टॉप बॉक्सही मोठ्या झिपच्या पिशवीत १०० ग्रॅम जेलबरोबर ठेवा, तोही तसाच गंजतो. डिशची वायर टीव्हीला किंवा बॉक्सला जोडलेली ठेवू नका, तिच्या टोकाला प्लास्टिक गुंडाळून ते भिंतीपाशी मोकळं सोडा. मुख्य बटण बंद असलं तरी छपरावरच्या छत्रीतून विजेचा झटका या वायरीने आत येतो. कोकणात गडगडाट सर्वात जास्त होतो तो मे-जूनमध्ये पाऊस येताना आणि ऑक्टोबरमध्ये जाताना. त्यामुळे गणपतीनंतर दिवाळीपर्यंत घर पुन्हा बंद करणार असाल तर ही वायर तेव्हाही काढा. वापरलेलं नारिंगी जेल जुन्या पसरट भांड्यात ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास ठेवा, रंग परत आला की ते पुन्हा कामाचं. १५० च्या वर जाऊ नका, रंग जळतो आणि मग ओलं-कोरडं कळत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दीड महिन्यासाठी त्यातलं अर्धा किलो पुरेल.